इमारत किती खचली आणि अजून किती खचणार: लेव्हलिंग आणि टाइम-कर्व्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइटवरचे इंजिनिअर, सोसायटीवाले आणि नुकतेच सर्व्हेला लागलेली मुलं फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय. सोपे आधी, डोक्याला ताप देणारे नंतर. एक गोष्ट दोनदा लिहायचा कंटाळा असल्यामुळे जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. भिंतीला तडे नाहीत, मग इमारत खचत नाहीये ना?

तसं नसतं. सगळी इमारत सारखी खाली गेली तर एकही तडा येत नाही, फक्त ड्रेनेजचे पाइप तुटतात आणि पायरी जमिनीत जाते. उलट प्लास्टर आकसल्यामुळे किंवा उन्हामुळे पडलेले तडे बघून लोक उगाच घाबरतात. तड्यावरून दोन भागांत काहीतरी फरक पडलाय एवढंच समजतं, कोण खाली गेलं आणि किती ते समजत नाही. त्यासाठी प्रत्येक कॉलमवर पक्का पॉइंट लावायचा आणि लांबच्या, न हलणाऱ्या बेंचमार्कवरून लेव्हल मशीननं त्याची उंची पुन्हा पुन्हा मोजायची, दुसरा रस्ता नाही.

२. बेंचमार्क कुठे घ्यायचा? शेजारच्या कंपाउंड वॉलवर खूण केली तर चालेल का?

नाही चालणार, आणि निम्मे घोळ इथेच होतात. इमारतीचं वजन फक्त तिच्या खालच्या मातीवर येत नाही, ते बाजूलाही पसरतं, त्यामुळे इमारतीला लागून असलेली भिंत इमारतीबरोबर थोडी थोडी खाली जाते आणि तुमचं सेटलमेंट, म्हणजे इमारत किती खाली गेली तो आकडा, खऱ्यापेक्षा कमी दिसतं. बेंचमार्क इमारतीच्या रुंदीच्या निदान दोन-तीन पट लांब हवा. सगळ्यात भरवशाचा म्हणजे खोल बेंचमार्क: बोअर मारून खडकापर्यंत किंवा कडक थरापर्यंत जायचं, तिथे स्टीलचा रॉड ग्राउट करून बसवायचा आणि रॉडभोवती मोकळा पाइप ठेवायचा, म्हणजे वरची माती खाली गेली तरी ती रॉडला ओढत नाही. पाइप न ठेवता नुसता रॉड ठोकला तर मऊ माती त्याला घासत खाली नेते आणि एवढा खर्च करून हाती काही लागत नाही.

खोल बोअर जमत नसेल तर बरीच वर्षं उभी असलेली, खडकावर किंवा पाईलवर असलेली जुनी इमारत पकडा. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीत फूटभर खड्डा करून काँक्रीटचा ठोकळा टाकलात तर तो पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात खाली जातो, आणि मग सगळी इमारतच श्वास घेतल्यासारखी वर-खाली होताना दिसते.

३. बेंचमार्कच खचला तर आम्हाला कसं कळणार?

एकच असेल तर कधीच कळणार नाही. दोन असतील तर काहीतरी बिघडलंय हे कळेल पण कोणाचं बिघडलंय ते नाही. म्हणून तीन घ्या, आणि दरवेळी इमारतीकडे जायच्या आधी तिघांमधले उंचीचे फरक तपासा. समजा ए आणि बी मधला फरक तसाच आहे पण सी दोघांपासून २ मिमी खाली गेलाय, तर सी गेला. त्याला काढून टाका, पण त्याची रीडिंग घेणं बंद करू नका, पुढे कामाला येतात.

अख्खा परिसरच खाली जात असेल तर गंमत वेगळी होते. मेक्सिको सिटी जुन्या तळ्याच्या मऊ क्लेवर, म्हणजे चिकणमातीवर, बसलीय आणि भूजल उपशामुळे जमीनच खचतेय. तिथला स्वातंत्र्याचा देवदूत हा १९१० चा स्तंभ खोल पायावर असल्यामुळे तेवढा खाली गेला नाही, आजूबाजूचा रस्ता गेला, आणि म्हणून त्याच्या पायथ्याशी नंतर १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. अशा जागी रस्त्यावरचा बेंचमार्क धरला असता तर स्तंभ वर येतोय असं दिसलं असतं! त्यामुळे तुम्हाला नक्की काय हवंय ते आधी ठरवा. कडक थराच्या मानाने इमारत किती खाली गेली हे हवं असेल तर खोल बेंचमार्क, आणि गटाराच्या, रस्त्याच्या मानाने किती गेली हे हवं असेल तर जमिनीवरचे पॉइंटही मोजायला लागतात.

४. इमारतीवर पॉइंट कसे लावायचे? रंगाची खूण पुरेल?

रंगाच्या खुणेवर स्टाफ, म्हणजे लेव्हलिंगची आकडे असलेली उभी पट्टी, दरवेळी त्याच जागी टेकत नाही, मिलिमीटर तिथेच गेला. कॉलममध्ये होल मारून स्टेनलेस स्टीलचा सॉकेट इपॉक्सीनं बसवा आणि मोजायच्या वेळी त्यात गोल डोक्याचा बोल्ट फिरवून लावा, गोल डोकं असलं की स्टाफ कायम सगळ्यात वरच्या बिंदूवरच उभा राहतो. जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंची बरी. मात्र वर पूर्ण स्टाफ उभा राहील एवढी मोकळी जागा आहे का ते आधी बघा, छज्जाखाली पॉइंट लावून नंतर डोकं खाजवणारे बरेच आहेत. चार कोपरे, लांब बाजूंचे मधले कॉलम, जिथे मजल्यांची संख्या बदलते तिथे दोन्हीकडे, एवढे तरी हवेतच.

५. प्रत्यक्ष लेव्हलिंग करताना नेमकं काय सांभाळायचं?

सगळ्यात जास्त फायदा एका सवयीनं होतो, ती म्हणजे बॅकसाइट आणि फोरसाइटचं, म्हणजे मशीनपासून मागच्या आणि पुढच्या स्टाफचं, अंतर सारखं ठेवणं. मशीनची नजर-रेषा कधीच शंभर टक्के आडवी नसते. ती १० सेकंद तिरकी असेल तर दर मीटरला साधारण ०.०५ मिमी चूक होते, म्हणजे एका बाजूला १५ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ३५ मीटर घेतलंत तर २० मीटरच्या फरकावर १ मिमी गेला. अंतरं सारखी असतील तर दोन्हीकडे तेवढीच चूक होते आणि वजाबाकीत उडून जाते. इमारतीभोवती मधले पॉइंट घेताना अंतर सारखं ठेवता येत नाही, तिथे निदान दरवेळी मशीन त्याच जागी लावा (जमिनीवर खूण करून ठेवा) आणि नजर-रेषा किती तिरकी आहे ते तपासणारी टू-पेग टेस्ट नियमित करा.

बाकी मग डिजिटल लेव्हल आणि इन्व्हारचा बारकोड स्टाफ, नजर-रेषा जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षा वर कारण तापलेल्या जमिनीलगत हवा थरथरते, मशीन ते स्टाफ अंतर ३० मीटरच्या आत, टर्निंग पॉइंटला जड लोखंडी प्लेट, आणि शक्यतो तेच मशीन, तोच स्टाफ आणि तोच माणूस. शेवटी फिरून बेंचमार्कवर बंद करायचं, हे विसरायचंच नाही. माझा साधा नियम असा आहे की क्लोजिंग एरर, म्हणजे परत आल्यावर बेंचमार्कच्या उंचीत उरलेला फरक, मशीन जितक्या वेळा लावलं त्या सेटअपच्या संख्येच्या वर्गमुळाच्या ०.३ पटीपेक्षा जास्त (मिमीमध्ये) आली तर पुन्हा मोजायचं. ९ सेटअप असतील तर ०.९ मिमी. तेवढ्यात बसली तर सेटअपमध्ये सारखी वाटून टाका. आणि ०.० मिमी क्लोजिंग सलग प्रत्येक वेळी येत असेल तर फील्डबुक कोण लिहितंय ते एकदा बघून घ्या 😄

६. मागच्या वेळेपेक्षा ०.६ मिमी खाली दिसतोय, घाबरायचं का?

एकट्या रीडिंगवरून नाही. समजा एका पॉइंटच्या एका वेळच्या उंचीत ०.४ मिमीची अनिश्चितता आहे. दोन वेळांची वजाबाकी केली की ती साधारण ०.५७ होते, आणि बऱ्यापैकी खात्रीनं बोलायचं तर त्याची दुप्पट, म्हणजे १.१ मिमीच्या वरचा फरक असेल तरच तो इमारतीचा म्हणायचा. ०.६ हा तुमच्या मशीनचा, वाऱ्याचा, स्टाफ धरणाऱ्याचा असू शकतो. पण तोच पॉइंट ओळीनं चार वेळा ०.५-०.६ नं खाली जात असेल तर गोष्ट वेगळी, दिशा एकच असली की छोटे फरकही खरे असतात.

७. रीडिंग कधी सुरू करायची आणि किती दिवसांनी घ्यायची?

रॅफ्ट, म्हणजे सगळ्या इमारतीखालचा एकसंध काँक्रीटचा पाया, किंवा प्लिंथ झाली की लगेच. इमारत पूर्ण झाल्यावर सुरू केलं तर बांधताना झालेलं सेटलमेंट कायमचं हातचं जातं (उशीर झालाच असेल तर प्रश्न १५). बांधकाम चालू असताना दर मजल्याला एक, सोबत त्या दिवशी किती लोड आलाय ते लिहून. लोड पूर्ण झाल्यावर सुरुवातीला जवळजवळ, मग लांब लांब. भाकीत करायचं असेल तर सारख्या अंतरानं घेतलेली रीडिंग सोन्याची, का ते प्रश्न ९ मध्ये.

८. सेटलमेंट-वेळेचा कर्व्ह तर आता सपाट दिसतोय, म्हणजे थांबलं ना?

ग्राफचा उभा स्केल बदला, परत उतार दिसेल. डोळ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. क्लेमधलं पाणी हळूहळू बाहेर जातं आणि तसतसं सेटलमेंट होतं, यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात, वेग कायम घटत जातो, म्हणून कर्व्ह प्रत्येक टप्प्यावर "आता थांबतोय" असाच दिसतो. कुठे थांबेल हे आकड्यांतून काढावं लागतं.

९. असाओका पद्धत नक्की कशी करायची? आकडे घेऊन सांगा.

सेटलमेंट शेवटी किती होणार हे रीडिंगवरून काढायची ही पद्धत असाओका यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि हिचं सौंदर्य असं की मातीचा कुठलाही गुणधर्म माहीत नसला तरी चालतं. सारख्या अंतरानं घेतलेल्या रीडिंगमध्ये आजचं सेटलमेंट मागच्या सेटलमेंटवर सरळ रेषेत अवलंबून असतं:

```
S_n = b0 + b1 * S_(n-1)
S_final = b0 / (1 - b1)
```

हिशोबासाठी एक उदाहरण बनवलंय. जाड मऊ क्लेवर रॅफ्टची इमारत, लोड पूर्ण झाला त्या दिवसाला शून्य महिना धरलाय, बांधकामातच ४०.० मिमी झालं होतं. एका कोपऱ्याच्या कॉलमची दर दोन महिन्यांची रीडिंग:

| महिना | एकूण सेटलमेंट (मिमी) |
|---|---|
| ० | ४०.० |
| २ | ५१.३ |
| ४ | ६०.० |
| ६ | ६७.४ |
| ८ | ७३.० |
| १० | ७७.७ |
| १२ | ८१.३ |

आता जोड्या करा: (४०.०, ५१.३), (५१.३, ६०.०), (६०.०, ६७.४) असं शेवटपर्यंत, पहिला आकडा आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या. सहा बिंदू येतात आणि ते जवळपास एका रेषेत बसतात. रेषा बसवली की उतार b1 ०.८० येतो आणि छेद b0 १९.२. मग १९.२ भागिले ०.२० म्हणजे ९६ मिमी. ग्राफवर हेच बघायचं तर ४५ अंशाची रेषा काढा, तुमची रेषा तिला जिथे कापते तिथे आजचं आणि पुढचं सेटलमेंट सारखंच, म्हणजे हालचाल संपली. या हिशोबानं १२ व्या महिन्याला ८५ टक्के झालंय आणि साधारण १५ मिमी बाकी आहे.

१०. मी त्याच आकड्यांवर हायपरबोलिक पद्धत लावली तर वेगळंच उत्तर येतंय, चुकलं काय?

चुकलं काही नाही, येणारच. हायपरबोलिकमध्ये लोड पूर्ण झाल्यापासूनचं वाढीव सेटलमेंट s घेतात (म्हणजे एकूणातून ४० वजा) आणि तेव्हापासूनचे महिने t धरून t/s विरुद्ध t असा ग्राफ काढतात:

```
t/s = a + b*t
s_final = 1/b
```

वरच्या आकड्यांत ८ व्या महिन्याला s ३३.०, म्हणून t/s ०.२४२४. १२ व्या महिन्याला s ४१.३, म्हणून ०.२९०६. या दोन बिंदूंचा उतार ०.०१२०५, त्याचा व्यस्त ८३, अधिक आधीचे ४०, एकूण १२३ मिमी. असाओकानं ९६ सांगितलं होतं!

कारण असं की हायपरबोलाची शेपटी फार लांब असते, तो शेवटच्या किमतीकडे फार सावकाश जातो. शिवाय कन्सॉलिडेशनमध्ये t/s ची रेषा साधारण ६० टक्के झाल्यावरच नीट सरळ होते, त्याआधीचे बिंदू घेतले की उत्तर आणखी वाढतं. इथेच सगळे बिंदू (२ ते १२ महिने) घेतले तर उतार ०.०११२ च्या आसपास येतो आणि उत्तर १२९ होतं. म्हणजे नवीन रीडिंग येतील तसा आकडा खाली सरकतोय, आणि तो सरकतोय हीच खूण आहे की अजून त्यावर विसंबायची वेळ आलेली नाही.

११. मग क्लायंटला ९६ सांगू की १२३?

दोन्ही सांगा, आणि कधी कळेल तेही सांगा. बघा, १४ व्या महिन्यासाठी असाओका ८४.२ म्हणतं आणि हायपरबोलिक ८४.५. फरक ०.३ मिमी, जो प्रश्न ६ प्रमाणे मोजताच येत नाही. १६ व्या महिन्यालाही ८६.६ आणि ८७.२, अजून धुक्यातच. २४ व्या महिन्याला मात्र ९२.१ आणि ९५.१, आणि ३६ व्या महिन्याला ९५.० विरुद्ध १०२.१. म्हणजे दोन वर्षांच्या रीडिंगशिवाय यातलं कोण खरं हे कोणीही सांगू शकत नाही, कितीही भारी सॉफ्टवेअर आणलं तरी. दोन पद्धती "पुढच्या चार महिन्यांत" जुळतात म्हणून रिपोर्टमध्ये "भाकीत तपासून बघितलं, बरोबर आलं" असं लिहिणारे बघितलेत, त्या तपासणीला काही अर्थ नाही कारण तिथे सगळ्याच पद्धती पास होतात.

तोपर्यंत लिफ्ट, पाइप-जोड, रॅम्प यांची सोय मोठ्या आकड्याला पुरेल अशी ठेवा आणि मेंटेनन्सचं वेळापत्रक छोट्या आकड्यावर. आणि अंतिम आकड्यापेक्षा कॉलम-कॉलममधला फरक जास्त महत्त्वाचा, त्यासाठी प्रश्न १४.

१२. आमच्याकडे दर पंधरा दिवसांची रीडिंग आहेत, जास्त डेटा म्हणजे भाकीत जास्त पक्कं ना?

उलटं होतं. अंतर कमी केलं की एका टप्प्यातली हालचाल कमी, उतार १ च्या जवळ, आणि सूत्रात खाली (१ - उतार) आहे, त्यामुळे छोटी चूक फुगते. वरच्याच इमारतीत दोन महिन्यांच्या अंतरानं उतार ०.८० आहे, रेषा बिंदूंच्या सरासरीतून जाते असं धरून तो ०.०१ नं इकडे-तिकडे झाला तर उत्तर ९४ ते ९८ च्या मध्ये राहतं. पंधरा दिवसांचं अंतर घेतलं तर उतार ०.९४६ होतो, तिथे तेवढ्याच ०.०१ नं उत्तर ९१ पासून १०४ पर्यंत भटकतं. रीडिंग पंधरा दिवसांनी घ्या की, पण त्यातून एक नितळ कर्व्ह काढून दोन-दोन महिन्यांचे आकडे उचला. तारखा पुढेमागे झाल्या असतील तरी हाच उपाय. फक्त मधे सहा महिन्यांचं भगदाड असेल तर कर्व्ह काढून ते बुजवू नका, तिथले बिंदू तुमच्या कल्पनेतले असतील.

१३. असाओकाचे बिंदू एका रेषेत बसतच नाहीत, काय समजायचं?

ते कसे बसत नाहीत त्यावर आहे. एकदम उडी मारून बिंदू वर जाऊन नवी, साधारण समांतर रेषा धरत असतील तर लोड वाढलाय: वर मजला चढवला, टाकी भरली, बाजूला भराव टाकला, किंवा शेजारच्या खोदाईसाठी पाणी उपसलं (पाणी खाली गेलं की मातीवरचा प्रभावी भार वाढतो, वजन न टाकता). अशा वेळी जुने बिंदू सोडायचे, त्या तारखेपासून नव्यानं सुरू करायचं. म्हणूनच साइटची डायरी रीडिंगइतकीच लागते, नाहीतर उडी दिसते आणि कारण सापडत नाही.

शेवटी शेवटी बिंदू हळूच वळून ४५ अंशाच्या रेषेला समांतर धावायला लागले आणि तिला कापायचं नाव घेत नाहीत, तर पाणी बाहेर जाण्याचं प्रायमरी कन्सॉलिडेशन संपत येऊन मातीचा सांगाडा हळूहळू दबत जाण्याचं सेकंडरी सुरू झालंय. सेंद्रिय क्ले आणि पीटमध्ये हे जोरात असतं. तिथे "अंतिम" सेटलमेंट असं काही नसतंच, सेटलमेंट विरुद्ध log t काढा, शेपटी सरळ येईल, आणि "अमुक वर्षांनी अमुक" एवढंच बोला.

आणि सगळ्या कॉलमचे बिंदू एकाच तारखेला एकाच दिशेनं विस्कटले असतील तर मातीला दोष देण्याआधी बेंचमार्क तपासा, प्रश्न ३.

१४. किती फरक म्हणजे धोका? १/३०० वाला नियम कसा वापरायचा?

स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड यांनी १९५६ मध्ये बऱ्याच इमारतींवरून मांडलं की कोनीय विकृती, म्हणजे दोन कॉलमच्या सेटलमेंटमधला फरक भागिले त्यांच्यातलं अंतर, १/३०० झाली की पॅनेल भिंतींना तडे यायला लागतात, १/१५० ला स्ट्रक्चरलाच इजा होते. तडे नकोच असतील तर १/५०० धरतात. ६ मीटरच्या अंतरावर १/५०० म्हणजे १२ मिमी, १/३०० म्हणजे २० मिमी.

चूक होते ती झुकाव वजा न करण्यात. ओळीत ६-६ मीटरवर चार कॉलम, सेटलमेंट ८१, ७६, ७१, ६६: इमारत सरळ तिरकी झालीय, फ्रेम वाकलेली नाही. आता ८१, ८०, ६६, ६५ घ्या. मधल्या दोघांत १४ मिमी, म्हणजे वरवर १/४३०. पण पहिल्या ते शेवटच्या कॉलमचा एकूण झुकाव १८ मीटरला १६ मिमी, म्हणजे ६ मीटरला ५.३. तो काढला की खरी विकृती ८.७ मिमी, साधारण १/६९०. झुकाव लिफ्ट आणि उंच इमारतीच्या तोलासाठी वेगळा तपासायचा. आणि असाओका प्रत्येक कॉलमसाठी वेगवेगळं करा, मग अंतिम आकड्यांवर हाच हिशोब करा, कारण आजचा फरक पुढे वाढणारही असतो.

१५. इमारत आधीच तीन वर्षं जुनी आहे, सुरुवातीची रीडिंग नाहीत, भाकीत होईल का?

किती बाकी आहे एवढं होईल. असाओकामध्ये सगळ्या सेटलमेंटमधून एकच आकडा वजा केला तरी उतार तोच राहतो आणि अंतिम उत्तर तेवढ्यानंच कमी होतं. वरच्या उदाहरणात ४० मिमी माहीतच नसते आणि रीडिंग ० पासून सुरू झाली असती, तरी बाकी राहिलेले १५ मिमी तेवढेच आले असते. हायपरबोलिकला मात्र लोड पूर्ण झाल्याची तारीख आणि तेव्हाची पातळी दोन्ही लागतात, त्यामुळे ती इथे सरळ वापरता येत नाही.

अडचण वेगळीच आहे: उशिरा सुरू केलं की दोन महिन्यांत १ मिमी सुद्धा हलत नाही आणि रीडिंगची चूक हालचालीएवढी होते. अशा वेळी अंतर सहा महिन्यांचं ठेवा आणि निदान पाच-सहा बिंदू येईपर्यंत रेषा ओढू नका. जुन्या काळात जे खाली गेलं त्याचा अंदाज हवाच असेल तर विटांच्या एका थराची किंवा प्लिंथच्या कडेची लेव्हल सगळीकडे घेऊन बघा. त्यातून कॉलममधला फरक बऱ्यापैकी कळतो, पण बांधताना ती कड ५-१० मिमीनं वर-खाली असूच शकते, म्हणून प्रश्न १४ चे नियम त्या आकड्यांना लावू नका.